कॉर्डरॉयच्या धारी सपाट का होतात? लव दबली, झिजली की गळली, हे आधी ओळखा

कॉर्डरॉयची पँट शिवून नेलेलं गिऱ्हाईक काही महिन्यांनी परत येतं, तेव्हा तक्रार बहुतेक ठरलेली असते. बसायच्या जागी धारी गेल्यात, मांडीच्या आतल्या बाजूला कापड गुळगुळीत झालंय, गुडघ्यावर चकाकी आलीय. मग नवं कापड आणलं जातं, दुसऱ्या दुकानातनं, जरा महागाचं. पुढच्या वर्षी त्याचंही तेच होतं. कोल्हापुरात राजारामपुरीत शिवणकाम करताना हे चक्र मी सतत बघतो, आणि त्यात कापडाचा दोष लोक समजतात त्याहून बराच कमी असतो.

गडबड अशी, की 'सपाट झालं' हे तीन वेगळ्या दुखण्यांना दिलेलं एकच नाव आहे. धारीवरची लव नुसती झोपलेली असू शकते, वरून घासून आखूड झालेली असू शकते, किंवा मुळासकट गळून गेलेली असू शकते. लांबून तिन्ही सारखीच दिसतात. पहिलं पूर्ण बरं होतं, दुसरं थांबवता येतं पण भरून येत नाही, तिसऱ्याला आतून आधार द्यावा लागतो. कोणतं आहे हे न बघता वाफ दिली, ब्रश मारला, की कधी गुण येतो आणि कधी उरलेली लवही निघून येते.

धार बनते कशी

आपल्याकडच्या माणसाला समजायला सोपं जावं म्हणून उसाचं रान डोळ्यांसमोर आणा. सरी आणि वरंबा. कॉर्डरॉयचा वरंबा म्हणजे उभी धार आणि सरी म्हणजे दोन धारींमधली खोलगट पट्टी. पण हा वरंबा कापडाला घडी घालून किंवा दाबून काढलेला नसतो. मागावर बाणा, म्हणजे आडवा धागा, दोन प्रकारचा टाकतात. एक बाणा उभ्या धाग्यांच्या ताण्यात घट्ट विणला जाऊन पायाचं कापड तयार करतो. दुसरा बाणा काही ठिकाणी ताण्यात अडकतो आणि पुढे बऱ्याच उभ्या धाग्यांवरून मोकळाच जातो. कापड मागावरून उतरलं की हे मोकळे धागे लांबीच्या दिशेनं, सरळ रेषेत, पात्यांनी कापतात. कापलेली टोकं दोन्ही बाजूंनी उभी राहतात, ब्रशनं फुलवतात, आणि धार तयार होते. जिथं पातं फिरलं ती सरी.

म्हणजे धारीवरचा प्रत्येक झुबका हा सुताचा एक आखूड तुकडा असतो, मधोमध पायाच्या कापडात अडकलेला आणि दोन टोकं वर काढलेला. त्याला गाठ नसते, डिंक नसतो. तो टिकतो फक्त पायाच्या विणीच्या घट्टपणावर. सपाट होण्याची निम्मी गोष्ट इथंच आहे.

हा तुकडा अडकवायच्या दोन रीती आहेत. एकीत तो एकाच उभ्या धाग्याखालून जाऊन वर येतो, त्याचा आकार इंग्रजी व्ही सारखा. दुसरीत तो एका धाग्याखालून, पुढच्यावरून, परत तिसऱ्याखालून जातो, म्हणजे तीन धाग्यांत गुंततो आणि डब्ल्यू सारखा दिसतो. पहिल्या प्रकारात लव दाट बसवता येते, कापड मऊ आणि भरदार लागतं, पण झुबका ओढला की सुटतो. दुसरा प्रकार पकडीला पक्का. पँटला दुसराच हवा. शर्टाला, लहान मुलांच्या फ्रॉकला पहिला चालतो.

हे दुकानात कळतं का? कळतं. कापडाच्या कापलेल्या कडेचे दोन-चार आडवे धागे ओढून काढा, मग सुईच्या टोकानं एक झुबका हलकेच उपसा आणि पांढऱ्या कागदावर ठेवा. एकच वळण असेल तर व्ही, तीन वळणं असतील तर डब्ल्यू. इचलकरंजीत मागावर काम केलेला माणूस नुसत्या बोटानं सांगेल, बाकीच्यांनी मोबाइलचा कॅमेरा झूम करून बघावं.

लवेची दिशा

ब्रश फिरवून झाल्यावर लव लांबीच्या एका बाजूला किंचित कललेली राहते. धारीवरून एका बाजूला हात फिरवला तर गुळगुळीत लागतं, ती सुलटी दिशा. उलट फिरवला तर हाताला अडतं आणि रंग एकदम गडद होतो. सुलट्या बाजूनं बघताना उजेड लवेच्या कुशीवरून परततो, म्हणून फिकं आणि चमकदार. उलट्या बाजूनं बघताना नजर लवेच्या टोकांमधून आत जाते, म्हणून गडद.

हे इथं सांगायचं कारण, सपाट झाल्याच्या तक्रारींतल्या काही तक्रारी मुळात झिजेच्या नसतातच. 'एक पाय विटला, एक चांगला आहे' असं कुणी सांगत आलं की मी पँट आधी उलटी धरतो, कंबर खाली आणि पाय वर. फिका पाय गडद दिसायला लागला आणि गडद पाय फिका, तर कापड विटलेलं नाही. कापणाऱ्यानं कापड वाचवायला एक पाय उलटा मांडून कापलाय. यावर धुण्याचा, वाफेचा कशाचाच उपाय नाही. कॉर्डरॉयला पुढचे-मागचे सगळे भाग, खिशाची पट्टी आणि कमरेचा पट्टासुद्धा, एकाच दिशेनं मांडावे लागतात आणि त्यासाठी साध्या कापडापेक्षा थोडं जास्त कापड लागतं. शिवायला टाकतानाच हे बोलून घ्या.

दिशा कोणती ठेवायची, यावर शिंप्यांमध्ये दोन मतं आहेत. लव वर कललेली ठेवली तर रंग खोल आणि श्रीमंत दिसतो, जाकिटाला मी तेच करतो. रोजच्या पँटला मात्र लव खाली ठेवावी असं माझं ठाम मत आहे. हात, ब्रश, धूळ झटकणं, सगळं वरून खाली होतं, आणि ते लवेच्या कलानं झालं तर लव कमी दुखावते.

तीन दुखणी ओळखायची कशी

एक प्रत्यक्षातली पँट घेऊन सांगतो. गोकुळ शिरगाव एमआयडीसीत कामाला असलेला एक तरुण बाटलीहिरव्या रंगाची पँट घेऊन आला. रोज मोटारसायकलनं जाणं-येणं. पट्टीवर मोजल्या तर इंचाला ११ धारी, म्हणजे मध्यम धार.

"मामा, कापडवाल्यानं फसवलं बघा. पावसाळ्याच्या आधी घेतली आणि आताच ही तऱ्हा."

"फसवलंय का नाही ते बघू. भावाची पण याच कापडाची शिवली होती ना? ती कशी हाय?"

"त्याची एकदम नव्यासारखी हाय. पण तो चालत ऑफिसला जातो."

इथं अर्धा निकाल लागला. एकाच ताग्यातलं कापड, एकाच्या अंगावर टिकलं आणि दुसऱ्याच्या नाही, तेव्हा कारण वापरात आणि धुण्यात शोधायचं.

पहिली तपासणी डोळ्यांची. पँट टेबलावर पसरून खोलीतला दिवा बंद केला आणि मोबाइलचा टॉर्च कापडाला जवळजवळ टेकवून आडवा मारला, धारींच्या काटकोनात. असा आडवा उजेड पडला की शाबूत धारीची सावली सरीत पडते. बसायच्या जागी सावली होती, पण पुसट. गुडघ्यावरही होती. मांडीच्या आतल्या बाजूला तळहाताएवढ्या भागात सावलीच नव्हती.

दुसरी तपासणी घडीची. कापड बोटावर असं दुमडायचं की धारी बोटाला आडव्या जातील आणि घडीच्या टोकावर झुबके उघडे पडतील. मग भिंगातून बघायचं. बसायच्या जागचे झुबके लांबीला पूर्ण होते, फक्त एका बाजूला लोळलेले आणि एकमेकांना चिकटलेले. हे दबणं. गुडघ्यावर काही झुबके आखूड, टोकं विस्कटलेली. हे झिजणं. मांडीवर झुबक्यांच्या जागी पायाची साधी वीण दिसत होती, मधेमधे एखादाच झुबका शिल्लक. हे गळणं.

तिसरी तपासणी सेलो टेपची, आणि शंका असेल तेव्हा हीच निर्णायक. टेपचा तुकडा धारीवर दाबून झटकन उचला आणि भिंगाखाली धरा. टेपवर नुसती बारीक भुकटी असेल तर लव झिजतेय. मधे वळण असलेले अख्खे तुकडे आले असतील तर झुबके मुळापासून सुटतायत. या पँटच्या मांडीजवळच्या टेपवर अख्खे व्ही आले. म्हणजे कापड पँटला फार योग्य नव्हतंच, पण भावाची पँट टिकली होती तेव्हा तेवढ्यानं भागत नाही.

दबणं: पाणी, ऊब आणि वजन

सुती धागा ओला झाला की पाणी पिऊन फुगतो आणि त्याच्या आतली पकड सैल पडते. वाळताना ती पकड पुन्हा बसते, पण धागा त्या वेळी ज्या आकारात असेल त्याच आकारात. शर्टाला इस्त्री करताना आपण पाणी शिंपडतो ते याचसाठी. कॉर्डरॉयची लव ओली असताना दाबली गेली आणि दबलेलीच वाळली, तर तिला इस्त्रीच झाली म्हणायची.

आता कोल्हापूरचा पावसाळा आठवा. जुलैत रेनकोट घालूनही मोटारसायकलवर बसायची जागा ओली होते. रेक्झिनच्या सीटवर ओली लव, वरून माणसाचं वजन, अंगाची ऊब, आणि कारखान्यात पोचल्यावर त्याच पँटवर खुर्चीत बसून ती वाळवणं. ऊब, ओल आणि दाब हे तिन्ही इस्त्रीतलेच. उन्हाळ्यात पावसाच्या जागी घाम येतो, बाकी तेच. या पोराच्या पँटचं बूड असंच सपाट झालं होतं.

त्यात भर घातली कोपऱ्यावरच्या इस्त्रीनं. पँट सुलट्या बाजूनं, पाणी मारून, कोळशाच्या जड इस्त्रीनं दाबून घेतली होती आणि पुढं धारदार क्रीज काढली होती. कॉर्डरॉयला क्रीज काढू नये. घडीच्या टोकावरची एक-दोन धार इतरांपेक्षा वर येते, सगळी घासाघीस तिलाच सोसावी लागते आणि पुढच्या पायावर वरपासून खालपर्यंत पांढरट रेघ उमटते.

दबलेली लव उठवायची रीत अशी. पँट उलटी करा, म्हणजे आतली बाजू बाहेर, आणि हँगरला लटकवा. वाफेची इस्त्री किंवा कपड्यांचा स्टीमर कापडापासून दोन बोटं लांब धरून आतल्या बाजूनं वाफ सोडा. वाफ आतून बाहेर गेली पाहिजे, म्हणजे ती लवेला मुळापासून ढकलत निघते. सुलट्या बाजूनं सोडली तर ओल तेवढी बसते. कापड ऊबदार आणि दमट लागलं की पँट सुलटी करा आणि मऊ ब्रश आधी लवेच्या उलट, मग सुलट फिरवा. मऊ म्हणजे बुटाला पॉलिशनंतर चमक द्यायला वापरतात तसल्या केसांचा, नवा आणि कोरा. धुण्याचा प्लॅस्टिकचा ब्रश नको. मग अर्धा-पाऊण तास तशीच लटकू द्या. पूर्ण वाळेपर्यंत घालायची नाही, घडीही घालायची नाही, नाहीतर सगळी मेहनत पाण्यात.

एका वेळेत पूर्ण उठली नाही तर हेच दोनदा-तीनदा करा. तेवढ्यानं उठली नाही, तर ती दबलेली नव्हती, झिजलेली होती. आणि कापडात पॉलिएस्टर मिसळलेलं असेल तर गरम इस्त्रीनं दाबलेली लव बहुधा परत उठत नाही, कारण पॉलिएस्टर उष्णतेनं नव्या आकारातच बसतं. कापड घेताना मिश्रण विचारायचं ते त्यासाठी.

गळणं: घासलं जातं मागून

लोकांना वाटतं की लव वरून घासून जाते. झिजते ती वरून, खरंय. पण अख्खे झुबके गळतात ते बऱ्याचदा आतल्या बाजूच्या घासण्यानं. झुबक्याचं वळण कापडाच्या पाठीवर उघडं असतं. मांडीची कातडी, आतली हाफ पँट, चालताना किंवा गाडीवर बसता-उठताना त्या वळणावर घासत राहते आणि झुबक्याला आतून बाहेर रेटते. बाहेरून दुसरी मांडी किंवा सीट त्याला ओढते. पायाची वीण सैल असेल, त्यात झुबके व्ही असतील, तर तो निघणारच.

म्हणून नवं कापड घेताना लोक सुलट्या बाजूवरून हात फिरवतात तेव्हा मी त्यांना पाठ बघायला सांगतो. पाठीवर नखानं वीस-एक वेळा जोरात घासा, मग कापड उलटून पांढऱ्या कागदावर झटका. कागदावर झुबके पडले तर ते कापड पँटला घेऊ नका, किंमत काहीही असो. मग कापड उजेडासमोर धरा. सरीतून उजेड आरपार दिसला तर पायाची वीण विरळ आहे. पाठीवर तिरप्या रेघांची, जीनच्या कापडासारखी वीण दिसली तर ती साध्या विणीपेक्षा सहसा दाट भरलेली असते आणि झुबके जास्त घट्ट धरते.

धार जाड की बारीक, हा प्रश्न त्यामानानं दुय्यम. इंचाला ८ किंवा त्याहून कमी धारी असतील तर लव लांब, दबली की लगेच नजरेत येते, पण गळायला साठाही मोठा. १६ ते २१ धारींची बारीक कॉर्डरॉय शर्टाला छान, पँटला लवकर टक्कल पडतं. रोज गाडीवर जाणाऱ्यानं ११ ते १४ च्या आसपास राहावं.

धुणं, जिथं सगळ्यात जास्त नुकसान होतं

त्या पोराला विचारलं, पँट धुतं कोण? आई. त्या पुढच्या वेळी सोबत आल्या.

"वहिनी, कशी धुता?"

"आता कशी म्हणजे? साबण लावायचा, ब्रश मारायचा, दगडावर दोन धोपटे द्यायचे आणि पिळून तारेवर. गॅरेजसारखी काळी करून आणतोय, त्याशिवाय मळ निघतोय व्हय?"

त्यांचं चुकलेलं नव्हतं. साध्या सुती पँटला ही रीत वर्षानुवर्षं चालत आलीय आणि ती पँट टिकतेही. पण इथं प्रत्येक टप्पा लवेच्या मुळावर येतो. साबणाची वडी घासली की ती लवेत बसते, आणि पाणी बोअरचं जड असेल तर साबणाचा न विरघळणारा चिकट साका तयार होऊन झुबके एकमेकांना जोडतो. वाळल्यावर धार कडक, राठ आणि चपटी लागते, आणि लोक म्हणतात कापड आटलं. प्लॅस्टिकचा ब्रश लवेची टोकं फाडतो. धोपटण्यानं फुगलेले ओले झुबके पायाच्या विणीतून सैल होतात. आणि पिळणं म्हणजे ओल्या लवेला पीळ देऊन दाबणं, ते तर आपण वर बघितलंच.

त्यांना जी रीत सांगितली ती अशी. धुण्याआधी कोरडी पँट बाहेर नेऊन झटकायची आणि मऊ ब्रशनं सरीतली धूळ काढायची. सरीत बसलेली धूळ ओली झाली की बाहेर निघत नाही, आत राहून धागा कापत राहते. मग चेन आणि बटणं लावून पँट उलटी करायची. बादलीत १५ लिटर साधं पाणी, त्यात दोन-तीन चमचे कपड्यांचं लिक्विड, आधी नीट ढवळून घेतलेलं, मग पँट बुडवायची. वीस मिनिटं पुरे. रात्रभर भिजत ठेवायची नाही, रंगही सुटतो आणि धागाही उगाच फुगून राहतो. मग तळव्यानं दाबायची आणि सोडायची, दाबायची आणि सोडायची. चोळायची नाही. ग्रीसचा डाग असेल तर तेवढ्यावरच लिक्विडचा थेंब टाकून आतल्या बाजूनं बोटानं टिपायचं.

खळबळून तीनदा पाणी बदलायचं. बोअरचं पाणी असेल तर शेवटच्या बादलीत साधारण १० लिटरला तीन मोठे चमचे पांढरा व्हिनेगर घालायचा. त्यानं साबणाचा राप सुटतो, वास वाळल्यावर राहत नाही. सॉफ्टनर मी घालू देत नाही. त्यानं हाताला मऊ लागतं हे खरं, पण धाग्यावर निसरडा थर बसतो, आणि आपल्याला झुबका विणीत निसरडा नको, अडकलेला हवाय.

मशीन असेल तर हेच, उलटी करून, जाळीच्या पिशवीत, गार पाण्यात, नाजूक कपड्यांच्या सेटिंगवर, मशीन अर्धंच भरून. टॉवेलसोबत नको, टॉवेलचे तंतू सरीत बसतात ते निघत नाहीत. सेमी ऑटोमॅटिकच्या स्पिनमध्ये मिनिटभर पुष्कळ झालं. जास्त वेळ फिरवली तर पँट भिंतीला चिकटून दाबली जाते आणि जाळीची भोकं धारीवर उमटतात. मशीन थांबल्यावर लगेच बाहेर काढा. ओल्या गोळ्यासारखी तासभर पडून राहिलेली पँट पुन्हा दबलीच.

वाळवणं हे धुण्याइतकंच महत्त्वाचं. पिळायची नाही, नळावर कमरेनं लटकवून पाणी निथळू द्यायचं. निथळली की सुलटी करून कमरेला दोन्ही हातांनी धरून जोरात झटकायची, पाच-सहा वेळा, फटफट आवाज येईल अशी. हे झटकणं टाळू नका, ओली लव त्यानं मोकळी होते. मग मऊ ब्रश उलट, मग सुलट. त्यानंतर कमरेला चिमटे लावून सरळ लटकवायची, तारेवर मधोमध घडी टाकून नाही. तारेवरच्या घडीत लव दबते आणि मांडीवर आडवी रेघ राहते. सावलीत, वारा लागेल तिथं. पावसाळ्यात दोन दिवस दमट राहणार असेल तर घरात पंख्याखाली लटकवा, आणि अर्धी वाळल्यावर आणखी एकदा झटका.

असं वाळवलं तर इस्त्रीची गरज उरत नाही. लागलीच तर आतल्या बाजूनं, खाली जाड टर्किश टॉवेल किंवा कॉर्डरॉयचाच तुकडा लवेला लव लावून, आणि इस्त्री टेकवल्यासारखी करून वाफ सोडायची, दाब द्यायचा नाही. इस्त्रीवाल्याकडं देणार असाल तर हे तोंडानं सांगा, आणि तो जमणार नाही म्हणाला तर देऊ नका.

दरवेळी घातली की धुतली, असंही करू नका. पाच-सहा वेळा घातल्यावर धुवा. मधल्या दिवसांत रात्री हँगरला लटकवून ब्रश फिरवला तरी भागतं. आणि भिजून आलात तर पँटवर बसून ती वाळवू नका. बदलायची सोय कामावर नसेल तर पावसाळ्यात ही पँट घालूच नये, एवढं मी सरळ सांगतो.

त्या पँटचं काय केलं

बूड वाफेनं दोनदा उठवलं, ते चांगलं आलं. आडव्या टॉर्चखाली सावली पुन्हा स्पष्ट दिसली. गुडघ्यावरची झीज तशीच राहिली. ब्रशनं टोकं थोडी सारखी झाली, पण गेलेली लांबी परत येत नाही.

मांडीला आतून दोन गोष्टी केल्या. टक्कल पडलेल्या भागाभोवती जिथं झुबके अजून होते पण टेपवर सुटत होते, तिथं पाठीला पातळ, मऊ पेस्टिंग, म्हणजे इस्त्रीच्या उष्णतेनं चिकटणारं आतलं कापड, लावलं. त्याचा डिंक झुबक्यांची वळणं मागून धरून ठेवतो. हे लावताना पँटची सुलटी बाजू जाड टॉवेलवर ठेवावी लागते आणि इस्त्री आतूनच, हलकी, नाहीतर एक दुखणं बरं करताना दुसरं लागतं. आधी खालच्या मुडपीच्या तुकड्यावर करून बघा. डिंक सरीतून बाहेर दिसला किंवा कापड कडक झालं तर ते पेस्टिंग चालणार नाही. त्यावर, दोन्ही पाय जिथं जुळतात तिथपासून गुडघ्यापर्यंत, पातळ सुती अस्तर सैलसर टाकलं, म्हणजे कातडी आता अस्तरावर घासते, झुबक्याच्या पाठीवर नाही.

पूर्ण टक्कल पडलेल्या जागी ठिगळ लावायचं तर पायाच्या आतल्या मुडपीतनं कापड काढता येतं. तिथलं कापड न वापरलेलं असल्यामुळं रंग जरा गडद दिसतो, एक-दोन धुण्यांत फरक कमी होतो. मात्र तुकडा लावण्याआधी त्यावरून आणि पँटवरून हात फिरवून लवेची दिशा जुळवून घ्या आणि धार धारीला भिडवा. मुडपी पायाला आडवी असते म्हणून घाईत तुकडा आडवा लागतो, मग रंग जुळूनही ते ठिगळ रस्त्याच्या पलीकडून ओळखू येतं.